फोटोतल्या यादीवरून रोजकीर्द आणि खतावणी: नावे-जमेमागचा विचार

प्रश्न: सर, मी सोलापूरला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गातल्या व्यवहारांच्या यादीचा फोटो जोडला आहे. यावरून रोजकीर्द नोंदी आणि खतावणी करायची आहे. ९ तारखेची रक्कम मला कधी ११,००० वाटते, कधी ९९,०००. दुसरं म्हणजे, रोख आली की नावे का टाकायची? बँकेत पैसे भरले की पासबुकात ते जमा दिसतात, आणि आजोबांच्या दुकानातल्या रोजमेळातही आलेले पैसे जमेला असतात. मग आमच्या पुस्तकातच उलटं का?

उत्तर:

आधी फोटोबद्दल. फोटो समोर ठेवून थेट नोंदी करायला बसू नका. एका कोऱ्या पानावर सगळे व्यवहार तारखेसह उतरवून घ्या आणि प्रत्येकासमोर रक्कम लिहा. वहीत बऱ्याचदा एक व्यवहार दोन ओळींत जातो आणि रक्कम खालच्या ओळीला लागते. फोटोवरून सरळ नोंद करताना ती भलत्याच व्यवहाराला चिकटते. तुमच्या फोटोवरून मी उतरवलेले एप्रिलचे व्यवहार असे:

१ एप्रिल: रोख ८०,००० आणि फर्निचर २०,००० आणून चादरींचा व्यवसाय सुरू केला.
३ एप्रिल: बँकेत खाते उघडून ३०,००० भरले.
६ एप्रिल: महेशकडून ४०,००० चा माल १०% व्यापारी सुटीने घेतला.
९ एप्रिल: सुरेखाला माल विकला (रक्कम अस्पष्ट).
११ एप्रिल: विजयला रोख माल विकला १२,०००.
१५ एप्रिल: सुरेखाने १,००० चा माल परत केला.
१८ एप्रिल: महेशला चेकने २०,००० दिले.
२० एप्रिल: घरखर्चासाठी दुकानातून रोख ३,००० नेले.
२२ एप्रिल: सुरेखाकडून रोख १७,५०० मिळाले, ५०० सूट देऊन हिशेब पूर्ण चुकता.
२५ एप्रिल: घरच्या लग्नात आहेर करायला २,००० च्या चादरी नेल्या.
३० एप्रिल: जागामालकाला दुकानभाडे रोख दिले ५,०००.

९ तारखेचा आकडा तूर्त मोकळा सोडा. तो डोळे ताणून वाचायची गरज नाही, यादीच तो सांगते. पण त्याआधी नावे-जमेचं बघू, कारण तो आकडा शोधायला तेच लागणार आहे.

तीन नियम तुम्हाला पाठ असतील. व्यक्तिगत खात्यात घेणारा नावे, देणारा जमा. वास्तव खात्यात येईल ते नावे, जाईल ते जमा. नामधारी खात्यात खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. नियम बरोबरच आहेत, पण ते वेगवेगळे पाठ केले की मुलं प्रत्येक ओळीला ‘हे कोणतं खातं’ यावरच अडतात. मी शिकवताना दोनच प्रश्न विचारायला सांगतो. या व्यवहारात मोल कुठून आलं? ते खातं जमा. आणि ते कुठे गेलं? ते खातं नावे. तीनही नियम यातूनच निघतात. ३ तारखेला ३०,००० गल्ल्यातून निघाले, म्हणून रोख खाते जमा. ते बँकेत गेले, म्हणून बँक खाते नावे. ३० तारखेला ५,००० गल्ल्यातून निघाले आणि महिनाभर जागा वापरण्यात खर्ची पडले, म्हणून रोख जमा, भाडे नावे.

आता पासबुक. पासबुक ही तुमची वही नाही, बँकेच्या वहीतल्या तुमच्या खात्याचा तो उतारा आहे. तुम्ही ३०,००० भरले तेव्हा बँकेच्या बाजूने पाहिलं तर मोल तुमच्याकडून आलं, म्हणून बँकेने तुमचं खातं जमा केलं. तुमच्या बाजूने पाहिलं तर तेच मोल बँकेकडे गेलं, म्हणून तुमच्या वहीत बँक नावे. व्यवहार एकच, पण तो दोन वेगळ्या घरांच्या वह्यांत लिहिला गेला. बँक समेट पत्रक शिकाल तेव्हा याच गोष्टीवर सगळा धडा उभा असतो.

रोजमेळाचं कारण थोडं वेगळं आहे, आणि आजोबांची पद्धत चुकीची मुळीच नाही. देशी नाम्याच्या रोजमेळात आलेली रक्कम जमेच्या बाजूला असते, पण ती ओळ नीट वाचून बघा. तिथे ‘रोख जमा’ असं लिहिलेलं नसतं, ज्याच्याकडून पैसे आले त्याचं नाव असतं. म्हणजे सुरेखाचे १७,५०० आले, तर ते सुरेखाच्या नावाने जमा. तुमच्या पुस्तकातही त्या दिवशी सुरेखा जमाच होणार आहे. रोजमेळात समोरच्या खात्याची बाजू लिहिली जाते आणि रोकड त्यात गृहीत असते. दिवसाअखेर शिल्लक काढली की रोकडीचा हिशेब मिळतो. तुमच्या पद्धतीत रोख हे वेगळं खातं आहे, त्यामुळे दुसरी बाजूही लिहावी लागते आणि ती नावे असते. चाटी गल्लीतल्या जुन्या पेढ्यांच्या वह्या पाहिल्या आहेत मी. त्यातली ओळन् ओळ आजच्या रोजकीर्दीत जशीच्या तशी बसवता येते, एकदा ही गोष्ट लक्षात आली की.

आता नोंदींकडे वळू. सगळ्या ओळी सारख्या अवघड नाहीत. १, ३, १८ आणि ३० तारखेच्या सरळ आहेत. एवढंच लक्षात घ्या की १ तारखेला दोन वस्तू आल्या आणि दोन्ही मालकाकडून आल्या, म्हणून एकच संयुक्त नोंद होते आणि भांडवल १,००,००० ने जमा होतं. ३० तारखेला जागामालकाचं खातं उघडायचं नाही. त्याला पैसे मिळाले हे खरं, पण त्याच्याशी देणं-घेणं काही उरलं नाही. व्यवसायाच्या दृष्टीने ते ५,००० भाड्यात गेले.

६ तारखेला दोन गोष्टी पाहायच्या आहेत. पहिली, ओळीत ‘रोख’ही नाही आणि ‘उधार’ही नाही. अशा वेळी माणसाचं नाव दिलेलं असेल आणि रोख किंवा चेकचा उल्लेख नसेल, तर व्यवहार उधारीचा धरतात. ९ तारखेलाही हेच लागू. उलट ११ तारखेला विजयचं नाव असूनही ‘रोख’ लिहिलं आहे. माल दिला, पैसे घेतले, विषय संपला, म्हणून विजयचं खातं उघडायचं नाही. फोटोत ओळीचं टोक कापलं गेलं तर नेमका हाच ‘रोख’ शब्द जातो आणि सगळी नोंद बदलते. म्हणून उतरवताना प्रत्येक ओळीचं उजवं टोक पानाच्या कडेपर्यंत दिसतंय ना, हे आवर्जून पाहा.

दुसरी गोष्ट व्यापारी सुटीची. ४०,००० ही छापील दराची रक्कम. त्यावर १०% म्हणजे ४,००० वजा होऊन सौदा ३६,००० ला ठरला, आणि वहीत तेवढेच येतात. व्यापारी सुटीचं खातं नसतं, कारण ते ४,००० कधी कुणाकडून येणंही झाले नाहीत की देणंही झाले नाहीत. २२ तारखेची ५०० ची सूट मात्र वेगळ्या जातीची आहे. ते पैसे सुरेखाकडून येणे होते, तिच्या नावावर चढलेले होते, आणि आपण ते सोडून दिले. हक्काची रक्कम सोडणं हा तोटा, म्हणून सूट खाते नावे. ती नोंदवली नाही तर सुरेखाच्या नावावर ५०० कायमचे लटकत राहतात.

माल खरेदी केला की ‘माल खाते’ असं लिहू नका. आलेला माल खरेदी खात्यात, विकलेला विक्री खात्यात, गिऱ्हाइकाकडून परत आलेला विक्री परत खात्यात. १५ तारखेला म्हणूनच विक्री परत नावे होतं. विक्रीतून थेट १,००० वजा केले तरी नफ्यात फरक पडणार नाही, पण महिन्यात किती माल परत आला हे मालकाला कधीच कळणार नाही. चादरीत विणीचा किंवा रंग जाण्याचा दोष निघाला की माल परत येतो, आणि कोणत्या मागावरचा माल घेणं थांबवायचं हे या खात्यावरूनच समजतं.

२० आणि २५ तारखेला मालकाने आधी पैसे नेले, मग माल. दोन्ही उचल खात्यात नावे. पण २५ तारखेला जमा काय करायचं, इथे मुलं विक्री लिहितात. विक्री झालीच नाही. विकायला आणलेला माल विक्रीच्या रांगेतून बाहेर पडला, म्हणून खरेदी खाते जमा, आणि तेही खरेदीच्या किमतीला. फोटोत २,००० ही खरेदीची किंमत की विक्रीची हे सांगितलेलं नाही. असं असलं की गणितात ती खरेदीची किंमत धरतात.

या यादीत जीएसटीचा उल्लेख कुठेच नाही, तेव्हा तो स्वतःहून घालू नका. दिला असता तर खरेदीवर भरलेला कर वेगळ्या खात्यात नावे आणि विक्रीवर घेतलेला वेगळ्या खात्यात जमा झाला असता.

आता ९ तारखेचा आकडा. सुरेखाशी यादीत तीनच व्यवहार आहेत: ९ ला माल दिला, १५ ला काही परत आला, २२ ला हिशेब मिटला. ‘पूर्ण चुकता’ हे शब्द इथे सगळ्यात मोलाचे. याचा अर्थ २२ तारखेनंतर तिच्या खात्याच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी असलीच पाहिजे. जमा बाजू आपल्याला पूर्ण माहीत आहे: माल परत १,०००, रोख १७,५०० आणि सूट ५००. बेरीज १९,०००. नावे बाजूला ९ तारखेची एकच रक्कम आहे, म्हणजे तीही १९,०००. वहीत १ आणि ९ शेजारी शेजारी लिहिले आहेत. मराठी ९ ची डावीकडची छोटी वळणं पुसट झाली की तो १ सारखा दिसतो, म्हणून तुम्हाला ११ वाटलं. आणि मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, म्हणून दुसऱ्यांदा ९९ वाटलं. दोन्ही वाचनांत अर्धा भाग बरोबर होता.

आता रोजकीर्द पूर्ण करता येते:

| तारीख | तपशील | नावे रु. | जमा रु. |
|---|---|---|---|
| १ | रोख खाते नावे | ८०,००० | |
| | फर्निचर खाते नावे | २०,००० | |
| | भांडवल खात्याला | | १,००,००० |
| ३ | बँक खाते नावे | ३०,००० | |
| | रोख खात्याला | | ३०,००० |
| ६ | खरेदी खाते नावे | ३६,००० | |
| | महेशच्या खात्याला | | ३६,००० |
| ९ | सुरेखाचे खाते नावे | १९,००० | |
| | विक्री खात्याला | | १९,००० |
| ११ | रोख खाते नावे | १२,००० | |
| | विक्री खात्याला | | १२,००० |
| १५ | विक्री परत खाते नावे | १,००० | |
| | सुरेखाच्या खात्याला | | १,००० |
| १८ | महेशचे खाते नावे | २०,००० | |
| | बँक खात्याला | | २०,००० |
| २० | उचल खाते नावे | ३,००० | |
| | रोख खात्याला | | ३,००० |
| २२ | रोख खाते नावे | १७,५०० | |
| | सूट खाते नावे | ५०० | |
| | सुरेखाच्या खात्याला | | १८,००० |
| २५ | उचल खाते नावे | २,००० | |
| | खरेदी खात्याला | | २,००० |
| ३० | भाडे खाते नावे | ५,००० | |
| | रोख खात्याला | | ५,००० |
| | एकूण | २,४६,००० | २,४६,००० |

प्रत्येक नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण तुम्ही लिहा. ६ तारखेचं स्पष्टीकरण लिहिताना ‘४०,००० चा माल १०% व्यापारी सुटीने उधार खरेदी केल्याबद्दल’ असं सगळं लिहा, कारण ३६,००० कुठून आले हे त्यानंतर फक्त तिथेच दिसणार आहे.

खतावणी म्हणजे हीच रोजकीर्द खात्याखात्यांत वाटून लिहिणं. इथे नवा विचार काही करायचा नाही, नियम एकच. रोजकीर्दीत खातं ज्या बाजूला आहे, त्याच्या पानावर त्याच बाजूला रक्कम लिहायची, आणि तपशिलात समोरच्या खात्याचं नाव. रोख खात्याच्या पानावर ‘रोख’ असं लिहिलेलं दिसलं की समजा, चूक झाली. संयुक्त नोंदीत मात्र सावध राहायला हवं. २२ तारखेला सुरेखा १८,००० ने जमा आहे, पण समोर खाती दोन आहेत, म्हणून तिच्या पानावर दोन ओळी येतील:

| सुरेखाचे खाते: नावे बाजू | रु. | जमा बाजू | रु. |
|---|---|---|---|
| ९ एप्रिल, विक्री खाते | १९,००० | १५ एप्रिल, विक्री परत खाते | १,००० |
| | | २२ एप्रिल, रोख खाते | १७,५०० |
| | | २२ एप्रिल, सूट खाते | ५०० |
| एकूण | १९,००० | एकूण | १९,००० |

याच नोंदीतून रोख खात्याच्या पानावर नावे बाजूला ‘सुरेखाचे खाते १७,५००’ जाईल. १८,००० नव्हे, कारण गल्ल्यात तेवढेच आले.

| रोख खाते: नावे बाजू | रु. | जमा बाजू | रु. |
|---|---|---|---|
| १ एप्रिल, भांडवल खाते | ८०,००० | ३ एप्रिल, बँक खाते | ३०,००० |
| ११ एप्रिल, विक्री खाते | १२,००० | २० एप्रिल, उचल खाते | ३,००० |
| २२ एप्रिल, सुरेखाचे खाते | १७,५०० | ३० एप्रिल, भाडे खाते | ५,००० |
| | | ३० एप्रिल, शिल्लक पुढे नेली | ७१,५०० |
| एकूण | १,०९,५०० | एकूण | १,०९,५०० |

शिल्लक काढताना आधी मोठ्या बाजूची बेरीज करा, तीच बेरीज दोन्हीकडे लिहा, आणि जो फरक पडेल तो लहान बाजूला ‘शिल्लक पुढे नेली’ म्हणून टाका. १ मे रोजी हीच ७१,५०० नावे बाजूला ‘शिल्लक पुढे आणली’ म्हणून येते. फरक जमा बाजूला लिहिला, तरी शिल्लक नावेच असते. या एका ठिकाणी दर वर्षी निम्मा वर्ग गोंधळतो. रोख खात्याची शिल्लक कधीही जमा निघत नाही, कारण गल्ल्यात नसलेले पैसे देता येत नाहीत. ती जमा निघाली तर एखादी आलेली रक्कम सुटली आहे किंवा गेलेली दोनदा चढली आहे.

बाकीची खाती तुम्ही स्वतः करा. उत्तरं पडताळायला शिल्लक सांगतो. नावे शिल्लक: रोख ७१,५००, बँक १०,०००, फर्निचर २०,०००, खरेदी ३४,०००, विक्री परत १,०००, उचल ५,०००, सूट ५००, भाडे ५,०००. जमा शिल्लक: भांडवल १,००,०००, विक्री ३१,०००, महेश १६,०००. सुरेखाची शून्य. दोन्हीकडची बेरीज १,४७,००० येते, म्हणजे तेरीज जुळली.

पण तेरीज जुळली म्हणून फोटो बरोबर वाचला, असं नाही. समजा तुम्ही ९ तारखेला ९९,००० धरले असते. सुरेखाच्या खात्यात ८०,००० नावे शिल्लक राहिली असती, विक्री १,११,००० झाली असती, आणि तेरीज दोन्हीकडे २,२७,००० येऊन तितक्याच नीट जुळली असती. ११,००० धरले असते तर सुरेखा ८,००० ने जमा निघाली असती, म्हणजे हिशेब चुकता केलेल्या गिऱ्हाइकाचं आपणच देणं लागतो असं झालं असतं, आणि तेरीज तरीही जुळलीच असती. चुकीचा आकडा नावे आणि जमा दोन्हीकडे सारखाच गेला की तेरजेला त्याचा पत्ता लागत नाही. एक बाजू लिहायची राहिली, किंवा खतवताना एकीकडे १७,५०० आणि दुसरीकडे १८,००० पडले, अशाच चुका ती दाखवते. म्हणून फोटोवरून काम करताना जिथे हिशेब मिटल्याचं लिहिलं आहे तिथे त्या माणसाचं खातं शून्य होतंय का, हे तेरजेच्या आधी पाहायचं.

ही पडताळणी सुरेखापुरतीच चालते. महेशचा हिशेब या महिन्यात मिटलेला नाही, त्यामुळे ६ तारखेच्या ४०,००० ला आधार देणारी दुसरी ओळ यादीत नाही. मला फोटोत तो ४ च दिसतो, पण तिथे पानाची घडी आली आहे. इंग्रजी आठ आणि मराठी ४ घडीवर सारखे दिसू शकतात. ८०,००० असतील तर खरेदी ७२,००० होईल आणि महेशचं देणं ५२,००० राहील. तेवढ्या ओळीचा पान सपाट धरून, उजेडात, जवळून पुन्हा फोटो काढा किंवा मैत्रिणीच्या वहीशी ताडून बघा, आणि मगच खरेदी आणि महेशची खाती शाईने लिहा.